मोरीतून वर येणारं पाणी

*प्रिय मावशी,*

*फोनवर बोलता येईना, म्हणून लिहितेय. गेली पाच-सहा वर्षं मला एकच स्वप्न पडतं. सांगलीचं आमचं गावभागातलं घर. मोरीच्या जाळीतून काळं पाणी वर येतंय, अजिबात आवाज न करता. मी माजघरात उभी. आजी माळ्यावर आहे हे मला माहीत असतं, पण ती दिसत नाही आणि हाक मारली तरी ओ देत नाही. दार आतल्या बाजूला उघडणारं, ते पाण्याच्या दाबानं उघडत नाही. पाणी कमरेला लागलं की जाग येते. घड्याळात चार-सव्वाचार. पावसाळ्यात आठवड्यातून तीन-चारदा तरी.*

*आणि मावशी, २०१९ च्या पुरात मी तिथे नव्हतेच. पुण्यात हॉस्टेलवर होते. दोन दिवस घरच्या कुणाचाही फोन लागला नाही, एवढंच काय ते माझ्या वाट्याला आलं. आजी त्यानंतर दीड वर्षानं गेली, अंथरुणात, शांतपणे. ज्यांनी सगळं सोसलं ते बाबा गाढ झोपतात आणि मीच का दचकून उठते?*

*आईला एकदा सांगितलं तर ती घाबरली. पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणाली. वास्तुशांत करायची म्हणते. घराला गिऱ्हाईक आलंय, दिवाळीपर्यंत उत्तर द्यायचंय. बाबांना विकायचं नाही. मला वाटतं, हे स्वप्न म्हणजे घर सोडा असंच सांगणं आहे. मी बाबांच्या मागे लागू का? सदरात छापलंस तरी चालेल, फक्त नाव नको.*

*तुझी भाची*

बाळा,

नाव घातलेलं नाही. पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा ‘मी तिथे नव्हतेच’ या वाक्यापाशी थांबले. तू ते अपराध्यासारखं लिहिलं आहेस. जणू जो पुरात भिजला त्यालाच पुराचं स्वप्न पडायचा हक्क आहे. मी आधी तिथूनच सुरुवात करते, घराचं नंतर बघू.

१९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आम्ही नारायण पेठेत राहायचो. तुझी आई तेव्हा जन्मलेलीही नव्हती. सकाळी लोक ओरडत आले, वडिलांनी आम्हा भावंडांना जसं होतो तसं बाहेर काढलं आणि उंचावर राहणाऱ्या नातलगांकडे नेलं. पाणी आमच्या घरात शिरताना मी पाहिलं नाही. पाहिला तो नंतरचा चिखल, आणि कोठीतल्या धान्याचा आंबूस वास, जो पुढे कितीतरी दिवस नाकातून गेला नाही. पण मला स्वप्न कशाचं पडायचं, माहितेय? पाणी शिरतानाचं. मी घरात एकटी, दप्तर शोधतेय, आणि पाणी येतंय. जे पाहिलं नव्हतं तेच मी वर्षानुवर्षं पाहत राहिले.

पाहिलेल्या गोष्टीला कडा असतात. तुझ्या बाबांनी पाणी पाहिलं, ते किती चढलं हे पाहिलं, बोट आली हे पाहिलं, आणि मग पाणी उतरलं हेही पाहिलं. त्यांच्या आठवणीला शेवट आहे. तुझ्याकडे मात्र त्या दोन दिवसांची फक्त ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ची टेप आहे आणि मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ आहेत, तेही दुसऱ्यांच्या घरांचे. मधली सगळी जागा मोकळी राहिली आणि ती तुझ्या मनानं स्वतःच भरली. आजी माळ्यावर आहे, दिसत नाही, ओ देत नाही. अगं, हे पुराचं चित्र नाहीच. हे त्या न लागलेल्या फोनचं चित्र आहे. तू हाक मारत होतीस आणि तिकडून उत्तर येत नव्हतं.

हा माझा अंदाज आहे, निकाल नव्हे. तुला पटला नाही तर सोडून दे. स्वप्नाचा अर्थ बाहेरच्या माणसानं सांगायचा नसतो असं मी चाळीस वर्षांच्या कामानंतर मानते. पाणी म्हणजे हे आणि घर म्हणजे ते, अशी कोष्टकं मी कधी वापरली नाहीत. बाईमाणूस समोर बसून रडत असताना तिला कोष्टकातला अर्थ सांगणं मला क्रूर वाटतं.

आता तुझ्या आईचं भय. ते हसण्यावारी नेऊ नकोस. तिनं जे ऐकलं त्यातूनच ती बोलते आहे. पण तिला दोन गोष्टी सांगता येतील.

पहिली, पहाटे चारच्या सुमारासच जाग का येते त्याची. झोप रात्रभर एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं होतात आणि प्रत्येक आवर्तनात एक टप्पा असा येतो, ज्यात डोळे पापण्यांआड भराभर हलतात आणि ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं पडतात. रेम झोप म्हणतात तिला. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा काही मिनिटांचाच असतो आणि पहाटेकडे तो लांबत जातो. म्हणून दुःस्वप्नं बहुतेक करून रात्रीच्या शेवटच्या भागात पडतात आणि त्यातूनच जाग आल्यामुळे नीट लक्षात राहतात. पहाटेच्या स्वप्नाला आपल्याकडे इतकं वजन का आलं, ते यातून मला तरी समजतं: आठवतं तेच मुळी पहाटेचं.

दुसरी गोष्ट आईला जास्त पटेल, कारण ती जुन्या ग्रंथातली आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. म्हणजे पाहिलेल्याचं, ऐकलेल्याचं, अनुभवलेल्याचं, मनात इच्छिलेल्याचं, कल्पनेनं रचलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषामुळे पडणारं. आणि लगेच पुढे म्हटलं आहे की यातले पहिले पाच वैद्यानं निष्फळ समजावेत. तुझं स्वप्न त्या पाचांतलंच आहे. थोडं ऐकलेलं, पुष्कळसं कल्पिलेलं. मनी वसे ते स्वप्नी दिसे ही आपली म्हणही वेगळं काय सांगते? वास्तुशांत करून आईच्या जिवाला स्वस्थता मिळणार असेल तर करू दे, तूही जेवायला जा. फक्त वास्तुशांतीवर घराचा निर्णय टांगू नका, आणि ‘शांत केली तरी स्वप्न पडलं’ म्हणून दुसरं भय घरात येऊ देऊ नका.

आता स्वप्नाचं काय करायचं ते सांगते. इतकी वर्षं तू जे करत आलीस, म्हणजे कुणाला न सांगणं, रात्री उशिरापर्यंत जागं राहणं, जाग आली की मोबाइल उघडणं, त्यानं स्वप्न गेलेलं नाही. उलट जागरणानं ते वाढतं. झोप तुटली की शरीर पुढच्या रात्री तोच रेम टप्पा जास्त ओढून घेतं.

आधी दोन आठवडे नुसती नोंद ठेव. उशाशी वही नको, सकाळी दहा वाजता लिही. तारीख, स्वप्न पडलं की नाही, आदल्या संध्याकाळी काय झालं होतं, किती वाजता झोपलीस, आणि कुठलं औषध सुरू आहे. हे शेवटचं महत्त्वाचं. अर्धशिशीसाठी किंवा छातीच्या धडधडीसाठी देतात त्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांनी, काही नैराश्याच्या औषधांनी स्वप्नं फार ठळक होतात. तसं असेल तर गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारायचं. माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या वहीत दुसऱ्याच आठवड्यात दिसलं की स्वप्न पावसाच्या रात्री नव्हे, गावच्या ग्रुपवर पाण्याची पातळी वाचत झोपली त्या रात्री पडत होतं. तूही ‘आयर्विन पुलापाशी किती फूट?’ हे रात्री एक वाजता वाचतेस, हे तू लिहिलं नाहीस तरी मला ठाऊक आहे. मागच्या जुलैत माझ्याकडे राहिली होतीस तेव्हा तुझ्या खोलीतला उजेड मी पाहिला आहे. बाबांना सांग, रोज संध्याकाळी सहाला एक आकडा तेच कळवतील. धोका वाटला तर रात्री फोन करतील. त्यांनी फोन केला नाही म्हणजे सगळं ठीक, असा करार करा. ज्या मुलीनं दोन दिवस न लागलेला फोन सोसला आहे, तिला हा करार किती मोलाचा आहे ते बाबांना समजावून सांग.

त्यानंतर मुख्य काम. जागेपणी स्वप्न बदलून लिहिण्याची एक पद्धत आहे, तिला इंग्रजीत इमेजरी रिहर्सल थेरपी म्हणतात. बॅरी क्रॅकाव या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात तिची चाचणी प्रसिद्ध केली. अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रिया त्या अभ्यासात होत्या आणि उपचार मिळालेल्या गटात दुःस्वप्नांच्या रात्री ठळकपणे कमी झाल्या. यामागचा विचार साधा आहे. वारंवार पडणारं स्वप्न ही मनाला लागलेली एक सवय होऊन बसते, पाठ झालेल्या कवितेसारखी. ती खोडता येत नाही, पण दुसरी कविता पाठ करता येते.

तू हे असं कर. दुपारी, उजेडात, एकटी नसताना, म्हणजे शेजारच्या खोलीत कुणीतरी असताना, स्वप्न एकदाच कागदावर उतरव. आत्ता घडतंय असं लिही. पान-दीड पान पुरे. मग ते पान बाजूला ठेव आणि नव्या पानावर तेच स्वप्न बदलून लिही, तुला हवं तसं. आणि रोज, दिवसा, दहा ते वीस मिनिटं डोळे मिटून फक्त ते नवं स्वप्न मनात चालव. जुनं पान परत वाचायचं नाही. काही आठवडे द्यायचे. स्वप्न एकदम थांबेल असं धरून चालू नकोस. आधी ते मवाळ होतं, कधी त्यात एखादी नवी वस्तू शिरते, कधी जाग यायच्या आत प्रसंग बदलतो. ही लक्षणं दिसली की पद्धत लागू पडते आहे.

बदल कुठे करायचा, यात लोक चुकतात. माझ्याकडे येणाऱ्या बायका पहिल्या खेपेला पूरच काढून टाकायच्या: पाऊस थांबला, नदी ओसरली, ऊन पडलं. आणि पाचव्या दिवशी येऊन सांगायच्या की डोळे मिटले की नवं चित्र टिकतच नाही, जुनं पाणी आत घुसतं. कारण त्या चित्रावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नाही. गावभागात वाढलेल्या मुलीला कृष्णा येणारच नाही असं सांगून कसं पटेल? दुसरी चूक म्हणजे स्वतःला फार पराक्रमी करणं. दार तोडलं, सगळ्यांना खांद्यावर घेतलं. त्यात छाती धडधडतच राहते, आणि ती धडधडच तर आपल्याला नको आहे.

माझ्या मते तुझ्या स्वप्नात पाणी असू दे. गाठ दोन ठिकाणी आहे: आजी ओ देत नाही तिथे, आणि दार उघडत नाही तिथे. तेवढंच बदल. मी नमुना लिहून देते, तो तसाच उतरवू नकोस, कारण दुसऱ्याचं स्वप्न पाठ होत नाही:

‘मी माजघरात उभी आहे. मोरीच्या जाळीतून पाणी येतंय, माझ्या घोट्याला गार लागतंय. मी वर बघून हाक मारते. आजी म्हणते, अगं इथे आहे, ये की वर. मी शिडी चढते. माळ्यावर तिचा स्टोव्ह आहे, कंदील आहे, गोधडी आहे. खाली पाणी आहे, ते शिडीच्या दुसऱ्या पायरीवर थांबलंय. मागच्या खिडकीतून शेजारचे काका हात करतात, बोट चौकात आलीय म्हणतात. आजी म्हणते, घाई नाही, चहा घेऊन निघू.’

हे लिहिताना तुला एक प्रश्न पडेल आणि तो मलाही पडला. आजी तर आता नाही. तिला स्वप्नात बोलती करणं म्हणजे स्वतःला फसवणं का? मी दोन्ही बाजूंनी विचार केला. एखाद्याचं माणूस खरोखर पुरात गेलं असेल, तर त्याला वाचवल्याचं स्वप्न लिहायला मी सांगत नाही. जागं झाल्यावर तो घाव पुन्हा नवा होतो. तिथे वेगळा शेवट लागतो, निरोपाचा. पण तुझी आजी वाचली होती. ती बोटीतून आली, मिरजेला नातेवाइकांकडे पंधरा दिवस राहिली आणि तिथे सगळ्यांशी भांडून परत सांगलीला गेली. ती माळ्यावरून ओ देते हे स्वप्न खऱ्याच्या जास्त जवळ आहे. खोटं आहे ते तू आज पाहतेस ते.

म्हणूनच आणखी एक काम सांगते, आणि ते मला या सगळ्यात सगळ्यात जास्त हवंसं वाटतं. बाबांना विचार, त्या दोन दिवसांत काय झालं? तू आजवर विचारलं नाहीस, कारण त्यांना त्रास होईल. त्यांनी सांगितलं नाही, कारण तुला त्रास होईल. आमच्या घरी पानशेतचं नावही काढायचं नाही असा अलिखित नियम होता. तुझी आई त्या गप्पपणात वाढली, आणि पाण्याच्या स्वप्नाला ती आज इतकी का घाबरते याचं एक उत्तर मला त्यात दिसतं. पावसाळा सरल्यावर, दिवसाढवळ्या, बाबांच्या सवडीनं विचार. ‘पाणी किती आलं’ असं नको विचारू. आजी कुठे बसली होती, काय खाल्लं, रात्री उजेड कशाचा होता, बोटीत आधी कोण चढलं, हे विचार. त्यांनी नको म्हटलं तर आग्रह धरू नकोस. पण बोलले, तर तुझ्या मनातल्या त्या मोकळ्या जागेत खरी माणसं येऊन बसतील, आणि वरचा नमुना फाडून टाकून तू स्वतःचं पान लिहू शकशील.

या पद्धतीला मर्यादा आहेत. लिहिताना हातपाय कापू लागले, दिवसाही पाणी डोळ्यांसमोर आलं, झोपायचीच भीती वाटू लागली किंवा स्वप्न टाळण्यासाठी सांगलीला जाणंच बंद झालं, तर वही मिटव आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आघातानंतरच्या त्रासावर नीट उपचार आहेत आणि ते एकटीनं करायचे नसतात. झोपेत कुणी हातपाय झाडत असेल, जोरात घोरून श्वास अडकत असेल, तर तो वेगळा आजार असू शकतो, त्याची तपासणी वेगळी. आणि जगणं नकोसं वाटण्याचा विचार आला तर त्याच क्षणी, रात्रीचे तीन वाजले असले तरी, १४४१६ लाव. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. हे मी तुझ्यासाठीच नाही, हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते आहे.

चार वाजता जाग आलीच, तर दिवा लाव आणि पाय फरशीवर टेकव. फरशी कोरडी आहे हे तळव्यांना कळू दे. तारीख आणि जागा मोठ्यानं बोल. पाणी पी. मोबाइल उचलू नकोस. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर पलंगावर तळमळत पडू नकोस, दुसऱ्या खोलीत बस आणि डोळे जड झाल्यावर परत ये.

आता घर. बाबांच्या मागे लागू का, असं विचारलंस. स्वप्नाच्या जोरावर लागू नकोस. त्या स्वप्नाला कृष्णेची पातळी माहीत नाही. त्याला एवढंच माहीत आहे की तू फार घाबरली होतीस. उद्या हे घर विकलंत तरी स्वप्न त्याच घरात पडत राहील, आणि मग तुझ्या मनाला वाटेल की घर गेलं तेही फुकट गेलं. पण याचा अर्थ घर विकू नये असाही नाही. तो प्रश्न खरा आहे, तो फक्त जागेपणी, फुटपट्टी घेऊन सोडवायचा आहे.

सांगलीकरांना हे मी काय सांगावं? तुमच्याकडे अख्खं गाव पूर फुटांत मोजतं. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तुमच्या भिंतीवर तेव्हाची खूण अजून आहे, बाबांनी रंग देताना ती मुद्दाम ठेवली. तिची फरशीपासून उंची मोज. समजा साडेचार फूट भरली, तर आयर्विनला साधारण साडेबावन्न-त्रेपन्न फूट झाल्यावर तुमच्या फरशीला पाणी लागतं. हा हिशोब ढोबळ आहे, कारण तुमचं घर पुलापासून अंतरावर आहे आणि पाण्याची पातळी सगळीकडे सारखी नसते. म्हणून तो २०२१ च्या जुलैशी ताडून बघ. तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत होतं म्हणे, तर त्या वेळचा आयर्विनचा आकडा बाबांच्या डायरीत असेलच. दोन्ही पुरांतून निघालेला उंबऱ्याचा आकडा जवळपास एकच आला तर त्यावर भरवसा ठेवता येईल.

आणि लक्षात घे, पाणी दारातून येण्याआधी गटारातून उलटं फिरून मोरीत येतं. तुझ्या स्वप्नानं एवढी एक गोष्ट अचूक धरली आहे. म्हणून मोरीतून पहिलं पाणी किती फुटांना येतं, तो आकडा वेगळा काढा आणि घर सोडायचा आकडा त्याच्याही बराच खाली ठरवा. तुझ्या बाबांच्या वयाला मी म्हणेन ४५ फुटांना बॅगा भरून मिरजेला, पुढे पाणी चढो वा उतरो. उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह मोरीच्या नळाला बसवता येतो, पण सगळा परिसर पाण्याखाली गेला की त्याचा उपयोग संपतो.

मग महापालिकेत जाऊन पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २५ वर्षांतून एकदा याचा अर्थ एकदा आला की पुढची २४ वर्षं सुटका असा नाही, हे तुम्ही दोन वर्षांच्या अंतरानं अनुभवलंच आहे. घर निळ्या रेषेच्या आत असेल तर तिथे नवं बांधकाम, मजला चढवणं यावर बंधनं असतात, आणि गिऱ्हाईक कमी भाव का सांगतंय याचंही उत्तर तिथेच मिळेल.

हे कागद पुढ्यात ठेवून बाबांशी बोल. मला विचारशील तर त्यांच्यापुढे विकणं आणि न विकणं एवढे दोनच रस्ते ठेवू नकोस. घर ठेवून जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत वरच्या भागात भाड्यानं राहणारी कुटुंबं तुमच्याच गल्लीत आहेत. पाच वर्षं तसं करून बघता येईल आणि गुडघे दुखू लागले, पायऱ्या जड झाल्या की तेव्हा विकता येईल. दिवाळीची मुदत गिऱ्हाइकानं घातली आहे, ती तुम्ही पाळलीच पाहिजे असं नाही. पण त्यांनी विकायचं ठरवलं तर मात्र मोडता घालू नकोस. आजीचा माळा म्हणून तूच अडून बसशील, अशी मला थोडी धास्ती आहे.

येत्या रविवारी टेप घेऊन सांगलीला जा. खुणेची उंची मोज आणि मोरीच्या जाळीची फरशीपासूनची पातळीही. दोन्ही आकडे मला कळव, मी वहीत लिहून ठेवते.

तुझी मावशी